पिकलबॉल डबल्सचा स्कोअर: तीन आकडे आणि त्यातला शेवटचा

पिकलबॉल डबल्समध्ये सर्व्ह करणारा खेळाडू आधी तीन आकडे म्हणतो आणि मग बॉल मारतो. पहिला आकडा त्याच्या जोडीचे गुण, दुसरा समोरच्या जोडीचे आणि तिसरा सर्व्हरचा क्रमांक. 'चार-सहा-दोन' ऐकू आलं, तर सर्व्ह करणाऱ्यांचे चार, समोरच्यांचे सहा, आणि या पाळीतला दुसरा सर्व्हर आता सर्व्ह करतोय. पहिले दोन आकडे कुणालाही पाचच मिनिटांत कळतात. गोंधळ होतो तो तिसऱ्याचा. कारण बरेच जण तो आकडा खेळाडूला चिकटवतात, आणि तो असतो पाळीचा.

तेव्हा आधी पाळी म्हणजे काय ते बघू. सर्व्ह एका जोडीकडे आली की त्या जोडीतल्या दोघांनाही सर्व्ह करायला मिळते. पहिला खेळाडू जिंकत राहील तोवर तोच सर्व्ह करतो. तो रॅली हरला की सर्व्ह समोरच्यांकडे जात नाही, त्याच्या जोडीदाराकडे जाते. जोडीदारही हरला की मग साइड आउट, म्हणजे सर्व्ह पलीकडे. या एका पाळीत आधी सर्व्ह करणारा 'एक' आणि नंतरचा 'दोन'. पाळी संपली की हे क्रमांकही संपले. पुढच्या वेळी सर्व्ह परत आली की तेव्हा जो खेळाडू उजव्या कोर्टात असेल तो 'एक' होतो. मग मागच्या पाळीत तो 'दोन' होता का, याचा काही संबंध नाही. 'मी कायम दोन नंबरचा' असं म्हणत अख्खा गेम खेळणारी मंडळी असतात. त्यांच्यासोबत खेळताना तिसऱ्या ठोक्याला कुणीतरी थांबून विचारतंच की आता सर्व्ह कुणाची.

गुण मिळवण्याचा नियम एका ओळीचा आहे. जी जोडी सर्व्ह करते आहे तिलाच गुण मिळतो. सर्व्ह करणाऱ्यांनी रॅली जिंकली तर एक गुण आणि सर्व्ह त्याच खेळाडूकडे. घेणाऱ्यांनी रॅली जिंकली तर गुण कुणालाच नाही. फक्त सर्व्हरची संधी संपते. स्कोअर तोच राहतो, 'एक'चा 'दोन' होतो किंवा साइड आउट होतो. साधारणपणे गेम ११ गुणांचा असतो आणि किमान दोन गुणांच्या फरकाने जिंकावा लागतो.

घेणाऱ्यांना गुण का नाही? यातला एक भाग वारशाचा आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तो बॅडमिंटनच्या कोर्टावर. पिकलबॉलचं कोर्ट आजही २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब, म्हणजे बॅडमिंटन डबल्सच्याच मापाचं आहे. त्या काळी बॅडमिंटनमध्येही सर्व्ह असेल तरच गुण मिळे आणि डबल्समध्ये 'सेकंड सर्व्हर' असे. बॅडमिंटनने २००६ मध्ये ती पद्धत सोडून प्रत्येक रॅलीला गुण द्यायला सुरुवात केली. पिकलबॉलमध्ये मात्र जुनी पद्धत टिकली. जुन्या बॅडमिंटनपटूंना म्हणूनच पिकलबॉलचा स्कोअर लगेच जमतो, आणि टेनिसवाल्यांना जड जातो.

पण वारसा हे अर्धंच उत्तर झालं. दुसरं कारण खेळातच आहे. टेनिसमध्ये सर्व्ह हे हत्यार असतं, पिकलबॉलमध्ये ते नसतं. इथे दोन टप्प्यांचा नियम आहे. सर्व्हचा बॉल समोरच्यांना टप्पा पडू देऊनच घ्यावा लागतो, आणि त्यांनी परतवलेला बॉल सर्व्ह करणाऱ्यांनाही टप्पा पडल्यावरच मारता येतो. त्यामुळे बॉल परतवणारा खेळाडू खोल फटका मारून सरळ किचनच्या रेषेपर्यंत, म्हणजे नेटपासून ७ फुटांवर, पुढे येऊ शकतो. त्याचा जोडीदार तर तिथे आधीपासूनच उभा असतो. सर्व्ह करणारी जोडी मात्र त्या टप्प्याची वाट बघत मागच्या रेषेजवळ अडकलेली असते. म्हणजे रॅलीची सुरुवात घेणाऱ्यांच्या सोयीची. गुण मात्र मिळवायचा तो गैरसोयीच्या बाजूने. अवघड बाजूने खेळून जिंकलात तरच गुण, सोप्या बाजूने जिंकलात तर फक्त सर्व्हचा हक्क, असा हा हिशेब आहे. दोन सर्व्हर का दिले याचा अर्थही इथेच लागतो. अवघड बाजूला एकच संधी मिळाली असती तर सर्व्ह सारखी इकडून तिकडे गेली असती आणि स्कोअर हललाच नसता.

आता त्या चमत्कारिक सुरुवातीकडे. गेम सुरू होतो तो '०-०-२' असं म्हणून. पहिल्या जोडीला पहिल्या पाळीत एकच सर्व्हर मिळतो आणि तो थेट 'दोन' मानला जातो. पहिली रॅली हरली की लगेच साइड आउट. नवख्या खेळाडूला हा अन्याय वाटतो, पण आकडेमोड करून पाहिली की पटतं.

समजा दोन्ही जोड्या तोडीस तोड आहेत आणि दर रॅली जिंकण्याची शक्यता अर्धी-अर्धी. मग एक सर्व्हर बाद होईपर्यंत सरासरी एक गुण मिळवतो, आणि दोन सर्व्हरची पूर्ण पाळी सरासरी दोन गुण देते. पहिल्या जोडीला पूर्ण पाळी दिली असती तर समोरच्यांनी एकदाही सर्व्ह करण्याआधी ती सरासरी दोन गुणांनी पुढे गेली असती. दुसऱ्या जोडीने दोन गुण काढून ते फेडले असते, की पुन्हा पहिली जोडी दोनने पुढे. दुसरी जोडी जास्तीत जास्त बरोबरीत येणार, सरासरीने पुढे कधीच नाही. पहिल्या पाळीत एकच सर्व्हर दिला की चित्र बदलतं. पहिली जोडी एकने पुढे, मग दुसरी दोन गुण काढून एकने पुढे, मग पहिली पुन्हा एकने पुढे. पारडं दोन्हीकडे सारखंच झुकतं. इतका साधा उपाय, आणि तो एका '२'मध्ये बसवलेला आहे.

आता एक गेम रॅलीगणिक चालवून बघू. एका बाजूला मीना आणि सुधीर, समोर रेखा आणि अनिल. सुरुवातीला उजव्या कोर्टात मीना आणि तिकडे उजव्या कोर्टात रेखा. उजवं-डावं हे प्रत्येकाने नेटकडे तोंड करून आपापलं धरायचं. सर्व्ह नेहमी तिरकी जाते, त्यामुळे उजवीकडून केलेली सर्व्ह समोरच्यांच्या उजव्या कोर्टात पडते आणि डावीकडची डाव्यात. गेमच्या सुरुवातीला उजवीकडे असलेल्या या दोघींची नावं लक्षात ठेवा. पुढे सगळं त्यांच्यावरच तोलायचं आहे.

मीना म्हणते '०-०-२' आणि उजवीकडून रेखाला सर्व्ह करते. रॅली मीना-सुधीर जिंकतात. एक गुण. गुण मिळाला की सर्व्ह करणाऱ्या जोडीने आपापसात जागा बदलायच्या असतात. आता मीना डावीकडे, सुधीर उजवीकडे. समोरचे जिथल्या तिथे राहतात. मीना '१-०-२' म्हणून डावीकडून अनिलला सर्व्ह करते. ही रॅली रेखा-अनिल जिंकतात. मीना 'दोन' होती, म्हणून साइड आउट. मीना डावीकडे आणि सुधीर उजवीकडे तसेच राहतात.

आता सर्व्ह रेखा-अनिलकडे. साइड आउटनंतर पहिली सर्व्ह नेहमी उजवीकडून होते, आणि उजवीकडे रेखा आहे. म्हणून या पाळीत ती 'एक'. बोलताना आकडे उलटतात, कारण आधी सर्व्ह करणाऱ्यांचे गुण. '०-१-१'. समोर उजवीकडे सुधीर आहे, तो सर्व्ह घेतो. रेखा-अनिल जिंकतात. जागा बदलतात. '१-१-१', रेखा डावीकडून मीनाला. पुन्हा जिंकतात. '२-१-१', रेखा परत उजवीकडे, सर्व्ह सुधीरला.

इथे रॅली मीना-सुधीर जिंकतात. त्यांना गुण नाही, रेखाची संधी गेली. अनिल डावीकडे उभा आहे आणि त्याने डावीकडूनच सर्व्ह करायची आहे. '२-१-२'. हे ठिकाण नीट बघा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. लोक म्हणतात, गुण दोन, म्हणजे सम, म्हणजे सर्व्ह उजवीकडून. नाही. गुणच मिळाला नाही, तर जागा बदलायचं कारण काय? दुसरा सर्व्हर जिथे असेल तिथूनच सुरू करतो.

अनिल डावीकडून मीनाला सर्व्ह करतो, जिंकतात. '३-१-२', अनिल उजवीकडे येतो, रेखा डावीकडे, सर्व्ह सुधीरला. आता मीना-सुधीर जिंकतात. अनिल 'दोन' होता, साइड आउट.

सर्व्ह पुन्हा मीना-सुधीरकडे. त्यांचा एकच गुण आहे आणि तेव्हापासून मीना डावीकडे, सुधीर उजवीकडे. म्हणून या वेळी सुधीर 'एक'. '१-३-१'. गेमची सुरुवात मीनाने केली म्हणून आताही तीच आधी करेल, असं नाही. सुधीर उजवीकडून अनिलला सर्व्ह करतो, जिंकतात. '२-३-१', सुधीर डावीकडून रेखाला. हरतात. मीना आता उजवीकडे आहे, ती तिथूनच '२-३-२' म्हणून अनिलला सर्व्ह करते. ही रॅलीही हरतात. साइड आउट. रेखा-अनिलचे तीन गुण, अनिल उजवीकडे, म्हणून अनिल 'एक' आणि स्कोअर '३-२-१'.

दहा रॅली झाल्या. चार मीना-सुधीरने जिंकल्या, सहा रेखा-अनिलने. गुण मात्र पाचच लागले, दोन आणि तीन. बाकीच्या पाच रॅलींनी फक्त सर्व्हर बाद केले. फलकावर स्कोअर हलत नसताना कोर्टावर घाम का निघतो, ते यावरून लक्षात येईल.

आता या सगळ्या खेळात एक गोष्ट कधीच बिघडली नाही. मीनाच्या जोडीचे गुण सम असताना मीना उजवीकडे होती आणि विषम असताना डावीकडे. रेखाचंही तेच. नियम असा की गेमच्या सुरुवातीला उजवीकडे असलेला खेळाडू आपल्या जोडीचे गुण सम असताना उजव्या कोर्टाचा आणि विषम असताना डाव्या कोर्टाचा. सर्व्ह आपली असो वा समोरच्यांची. कारण उघड आहे. जागा बदलतात त्या फक्त गुण मिळाल्यावर, आणि दर गुणाला एकदाच. सम-विषमचा नियम लागू होतो तो या खेळाडूला, सर्व्हरला नव्हे. '२-१-२'ला लोक फसतात ते इथेच. स्पर्धेत अशा खेळाडूच्या हातात ओळखीचा पट्टा असतो. रोजच्या खेळात मनगटावर एखादा रबरबँड चढवला तरी काम भागतं.

या नियमावरून हरवलेला स्कोअर बराचसा परत मिळतो. समजा रेखा-अनिलचं भांडण लागलंय की आपले चार की पाच. रेखा उजवीकडे आहे. सुरुवातीला ती उजवीकडे होती. मग गुण सम असले पाहिजेत, म्हणजे चार. अर्थात मधल्या वेळात कुणी चुकून जागा बदलली नसेल तर.

तिसरा आकडा हरवला तर दुसरी युक्ती. ही पाळी सुरू झाली तेव्हा आपल्या जोडीचे गुण किती होते ते आठवा. ते सम असतील तर सुरुवातीचा खेळाडू 'एक', विषम असतील तर त्याचा जोडीदार 'एक'. आता सर्व्ह करणारा तोच असेल तर 'एक', नसेल तर 'दोन'. वरच्या गेममध्ये रेखा-अनिलची पहिली पाळी शून्यावर सुरू झाली. शून्य सम, म्हणून रेखा 'एक', आणि अनिल सर्व्ह करत असेल तर तो 'दोन'च. पुढची पाळी तीनवर सुरू झाली. विषम, म्हणून अनिल 'एक'. अपवाद फक्त गेमच्या अगदी पहिल्या पाळीचा, तिथे सर्व्हर 'दोन'च असतो.

चुका कशा होतात तेही थोडं. सर्वांत नेहमीची म्हणजे सर्व्ह घेणाऱ्या जोडीने रॅली जिंकली की आनंदाच्या भरात जागा बदलणं. गुण नाही, तर जागा बदलायची नाही. ही चूक लगेच कळत नाही. पुढची साइड आउट झाली की भलताच खेळाडू उजवीकडे असतो आणि 'एक' म्हणून सर्व्ह करायला लागतो. त्याच्या मागे आणखी चार रॅली चुकीच्या जातात. म्हणून साइड आउट झाल्यावर सर्व्ह करण्याआधी एवढंच तपासा: आपले गुण सम की विषम, आणि रबरबँडवाला त्याप्रमाणे उभा आहे का.

दुसरी चूक आकडे न उलटण्याची. समोरचे '३-१-२'वर हरले की आपल्या तोंडून '३-१-१' निघून जातं. आपला आकडा आधी, म्हणून '१-३-१'. हे लगेच दुरुस्त केलं नाही तर पुढच्या दोन गुणांत कुणाचे किती हेच उलटंपालटं होतं.

स्कोअर नेमका कधी आणि कसा म्हणायचा? सर्व्हरने, मोठ्याने, समोरच्या कोपऱ्यातल्या खेळाडूला ऐकू जाईल असा, आणि पूर्ण. तिन्ही आकडे म्हणून होईपर्यंत बॉल मारायचा नाही. म्हणून झाल्यावर १० सेकंदांत सर्व्ह करायची. चालत चालत जागेवर येताना पुटपुटलेला स्कोअर कुणाच्या कामाचा नसतो. दोघंही उभे राहिले, समोरचे तयार दिसले, की मग म्हणा. रेफ्री असलेल्या सामन्यात हे काम रेफ्री करतो.

चुकीचा स्कोअर ऐकू आला तर समोरच्यांनी सर्व्ह परतवण्याआधीच थांबवावं. स्कोअर खरंच चुकला असेल तर दंड नाही, बरोबर आकडे म्हणून पुन्हा सर्व्ह. सर्व्ह परतवल्यावर मात्र खेळ थांबवलात तर तो तुमचाच फॉल्ट ठरतो. सर्व्ह झाल्यावर थांबवलंत आणि स्कोअर मुळात बरोबरच निघाला, तरीही फॉल्ट तुमचाच. म्हणून शंका असेल तर ती सर्व्ह होण्याआधीच बोलून टाकावी. तेव्हा स्कोअर काय, सर्व्हर बरोबर आहे का, मी बरोबर जागी आहे का, हे सगळं विचारायला मुभा असते.

थोडं पुढे गेलेल्या खेळाडूंना एक वेगळीच अडचण येते. डावखुरा आणि उजवा अशी जोडी असली की दोघांचेही फोरहँड मध्ये राहावेत म्हणून ते रॅलीच्या दरम्यान ठराविक बाजूंनाच उभे राहतात. याला स्टॅकिंग म्हणतात आणि ते नियमात बसतं, कारण बंधन फक्त सर्व्ह करणाऱ्यावर आणि सर्व्ह घेणाऱ्यावर असतं. योग्य खेळाडूने योग्य कोर्टातून सर्व्ह केली आणि योग्य खेळाडूने ती घेतली, की बाकीचे दोघे कोर्टावर कुठेही उभे राहू शकतात. पण मग 'कोण कुठे उभा आहे' यावरून गुण ओळखायची सोय उरत नाही. अशा वेळी उभं राहण्याची जागा विसरायची आणि फक्त एवढंच मोजायचं: गुण सम असतील तर उजवं कोर्ट सुरुवातीच्या खेळाडूचं, विषम असतील तर जोडीदाराचं. स्टॅकिंग करणाऱ्या जोडीचा स्कोअर चुकला की भलताच खेळाडू सर्व्ह करतो, आणि स्पर्धेत तो फॉल्ट असतो.

शेवटच्या गुणांशी हा सगळा नियम जास्त जाणवतो. समजा रेखा-अनिल '१०-९-२'वर सर्व्ह करतायत. पुढची रॅली त्यांनी जिंकली तर ११-९, गेम संपला. मीना-सुधीरने जिंकली तर दहा-दहा होत नाही. त्यांचे नऊच राहतात आणि सर्व्ह त्यांच्याकडे येते, '९-१०-१'. नऊ विषम, मीना डावीकडे, म्हणून उजवीकडून सुधीर सर्व्ह करणार. इथून जिंकायला त्यांना आणखी दोन गुण पुरे नाहीत. दहा-दहा झाल्यावर ११-१०ला गेम संपत नाही, १२-१० लागतो. म्हणजे आपल्या सर्व्हवर तीन गुण, आणि तेही दोन रॅली हरण्याआधी. दोघंही बाद झाले तर रेखा-अनिल पुन्हा सर्व्हला येतील, आणि दहा सम असल्यामुळे त्या पाळीत 'एक' म्हणून उजवीकडे उभी असेल रेखा.